उलटा वाक

सहदेव मिस्त्रीचं मूळ घर भातकुलीचं. घरी मळा होता. वांगी, मेथी, झेंडू काढायचे आणि पहाटे बैलगाडीनं अमरावतीच्या बाजारात आणायचे. तीन भावांत मळा पुरेना म्हणून मधला सहदेव विसाव्या वर्षी धामणगावजवळच्या एका पुलाच्या कामावर गेला. तिथं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा सिमेंटच्या पोटात लोखंडी गज घालताना पाहिले. गज बांधणारा मुख्य माणूस एक म्हातारा कच्छी मिस्त्री होता. त्याला सहदेवचा हात आवडला. चार वर्षांत त्यानं त्याला सगळं शिकवलं, आणि नुसतं कसं ते नव्हे, कशासाठी तेही सांगितलं.

त्यानंतर सिमेंटची कामं वऱ्हाडात वाढत गेली. जिनिंग कारखान्यांची गोदामं, पाण्याच्या टाक्या, बंगल्यांच्या गच्च्या. अमरावतीत गज वाकवायचे म्हटलं की ठेकेदार खुशालराव आधी सहदेवला बोलावत. एकोणीसशे छत्तीस साली तो चाळिशी ओलांडलेला, काळासावळा, रुंद मनगटांचा, कमी बोलणारा माणूस होता. कामावर त्याला सगळे नुसतं ‘मिस्त्री’ म्हणत. दुसरा कोणी मिस्त्री नव्हताच.

मग भगवंत आला.

भगवंत म्हणजे सहदेवची बायको जयवंता हिचा धाकटा भाऊ. अकोल्याच्या एका कापसाच्या प्रेसमध्ये होता. प्रेस बंद पडली तसा जयवंतानं नवऱ्याकडे विषय काढला.

“तुमच्या हाताखाली घ्या त्याले. पोरगा मेहनती हाय.”

सहदेवनं घेतलं. मनापासून घेतलं, हे खोटं नाही. पहिले सहा महिने तो भगवंतला शेजारी उभा करून शिकवत होता. जाड ओंडक्यात लोखंडी खुंट्या ठोकलेल्या असत. त्यांच्यात गज अडकवायचा आणि लांब दांड्याच्या चावीनं ओढून वळवायचा. गजाच्या टोकाला इंग्रजी ‘यू’सारखा आकडा करायचा. सहदेव दिवसाला दीडशे आकडे करी. वर्ष संपायच्या आत भगवंत दोनशे करू लागला.

आणि ते आकडे देखणे होते. ओव्हरसियर कमलाकांत देशमुख एकदा ढिगापुढे थांबून म्हणाले, “हे कोणी केले? एका साच्यातून काढल्यासारखे आहेत.” भगवंत हसला. कोणीतरी म्हणालं, “भगवंत मिस्त्रीनं.” भगवंत मिस्त्री! सहदेव चार हातांवर बसून तारेचे तुकडे करत होता. त्यानं मान वर केली नाही, पण तो शब्द त्याच्या कानात कुसळासारखा बसला.

त्या दिवसापासून त्यानं भगवंतला शिकवणं थांबवलं. उघड नाही. काम सांगे, कारण सांगत नसे. कोणत्या गजाला कोणती खुंटी हे रोज सकाळी तो स्वतः ठरवी आणि स्वतः बसवी. अर्ध्या इंची गजाला, म्हणजे चार सुतीला, दोन इंच जाडीची खुंटी. पाच सुतीला अडीच इंची. गजाच्या चौपट. भगवंत विचारी, “भाऊजी, लहान खुंटी लावली तं आकडा आवळून बसन, लवकरबी होईन. एवढी मोठी काहून?”

“हात चालव तू,” सहदेव म्हणे.

कारण त्याला पक्कं ठाऊक होतं. गज वाकतो तेव्हा बाहेरचं अंग ताणलं जातं, आतलं दाबलं जातं. वळण आखूड असलं तर बाहेरच्या अंगाला बारीक चीर जाते. शिवाय काँक्रीटमध्ये तो टोकदार आकडा आतल्या मसाल्यावर चाकूसारखा रुततो आणि मसाला फोडतो. मोठं वळण भार पसरून देतं. आणि आकड्यानंतरचं सरळ टोकही गजाच्या चौपट हवं, नाहीतर ओढ बसली की आकडा उलगडतो. हे सगळं कच्छी मिस्त्रीनं त्याला भाकरी खाता खाता सांगितलं होतं. त्यानं ते मेव्हण्याला सांगितलं नाही. हाताचं कसब तर भगवंतनं घेतलंच होतं. निदान डोकं तरी आपलं आपल्याकडे राहू दे, असं त्याला वाटे.

घरीही तेच. जयवंता भाजी विकून येऊन टोपली उतरवून बसली की म्हणे, “भगवंताचं नाव सारे घेऊन राहिले. आज वकिलीनबाई बी म्हनत होत्या.” सहदेव जेवणाचं ताट पुढे ओढे आणि म्हणे, “मीठ जास्त झालं.” मीठ बरोबर असे.

त्या वर्षी गावातल्या काही वकील मंडळींनी मुलींच्या शाळेसाठी दुमजली इमारत काढली. वरच्या मजल्याला पुढच्या अंगानं साडेतीन फूट रुंद, तीस फूट लांब सज्जा होता. खाली कसलाही खांब नाही; नुसता भिंतीतून बाहेर काढलेला. अशा सज्ज्याचं सगळं ओझं त्याच्या वरच्या अंगातल्या गजांवर असतं. ते आत खोलीच्या स्लॅबमध्ये लांबवर रुतलेले असतात आणि बाहेरच्या ओझ्याला मागून धरून ठेवतात. साठ गज होते, दर सहा इंचाला एक. आतली टोकं सहदेवनं स्वतः बांधली होती, पाच-पाच फूट आत, टोकाला आकडा. आतला स्लॅब ओतून झाला. सज्ज्याखालच्या फळ्या-टेकूंसाठी लाकूड कमी पडलं, म्हणून सज्जा मागे राहिला आणि साठ गज भिंतीतून दोन हात बाहेर आलेले तसेच राहिले.

त्याच सुमारास खुशालरावांनी सहदेवला अकोल्याच्या एका टाकीच्या कामावर दीड-दोन महिन्यांसाठी पाठवलं. अमरावतीचं काम भगवंतकडे आलं. अकोल्यात सहदेवला झोप लागेना. माणसं त्याला भगवंतची खुशाली विचारत, कारण भगवंत त्यांच्याच गावचा. “मोठा हुशार निघाला म्हनतात तुमचा साळा,” असं पानवाल्यानंसुद्धा म्हणावं!

डिसेंबरात तो परत आला. सकाळी थंडी होती. शाळेच्या कामावर गेला तर सज्ज्याखाली फळ्या लागलेल्या आणि साठही गज छान आडवे, वर आडव्या गजांची जाळी अर्धी बांधलेली. सहदेव शिडीवरून वर चढला. का कोण जाणे, त्यानं भिंतीच्या तोंडाशी एका गजावरून बोट फिरवलं.

गज सरळ नव्हता. तोंडाशी थोडा खाली, मग थोडा वर, मग सरळ, सापानं अंग हलवल्यासारखा. त्यानं दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळे तसेच. तोंडाशी काँक्रीटची कड बोटभर उडालेली होती. आठव्या गजाच्या खालच्या अंगाला त्यानं नख लावलं. नख अडकलं. केसाएवढी चीर होती.

त्याला सगळं कळलं. त्यानं एका बिगाऱ्याला नुसतं विचारलं, “हे गज खाली वाकवले होते काय?”

“हो मिस्त्री. लाकडं वर चढवाले आडवे येत होते. वव्हरसेराइनं सांगतलं अन् भगवंत मिस्त्रीनं पाइप घालून एका दुपारात सारे भिंतीले चिकटवले. सात हप्ते तसेच होते. परवा तेच्यानंच वर केले. अर्ध्या दिवसात! का हात हाय त्याचा!”

सहदेव शिडीवरून खाली उतरला. आणि त्या वेळी त्याच्या मनात काय आलं, हे त्यानं पुढे स्वतःच्या तोंडानं सांगितलं म्हणून आपल्याला ठाऊक आहे. त्याला आनंद झाला.

आता कळेल, असं त्याला वाटलं. सज्जा ओततील. महिन्यानं टेकू काढतील. तोंडाशी तडा जाईल, सज्जा झुकेल. मग कमलाकांतसाहेब विचारतील, हे कोणी केलं? मग म्हणा भगवंत मिस्त्री! त्यानं दिवसभर खालच्या मजल्यावर जिन्याचे गज बांधले. भगवंतनं हाक मारली, “भाऊजी, अकोल्याहून काय आनलं?” तेव्हा तो हसलादेखील.

दुसऱ्या दिवशीही तो बोलला नाही. सज्जा परवा ओतायचा होता.

त्या संध्याकाळी जयवंता टोपली आवरता आवरता म्हणाली, “शाळेच्या बाई आल्या होत्या भाजी घ्याले. म्हनत होत्या, नव्या सज्ज्यात पोरी उभ्या करून पाहुन्याइवर फुलं टाकू. झेंडू मलेच सांगतले त्याइनं. साठ-सत्तर पोरी हाय म्हनते.”

सहदेवनं विचारलं, “साऱ्या त्या सज्ज्यावर?”

“मंग कुठं?”

तो हात न धुताच उठला. अंगणात जाऊन उभा राहिला. तडा जाईल, झुकेल, इतकंच त्यानं मनात धरलं होतं. जणू सज्जा रिकामाच असणार होता! साठ-सत्तर मुली एका बाजूला वाकून फुलं टाकणार हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

सकाळी तो थेट कमलाकांत देशमुखांकडे गेला. ते कामावरच्या तंबूत मेजावर नकाशा पसरून बसले होते.

“साहेब, सज्जा ओतू नका. गज खराब झाले.”

कमलाकांतांनी वर पाहिलं. “कोणी केले?”

सहदेव घुटमळला. “भगवंतनं.”

“हां,” ते म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. “सहदेव, तुझं नि भगवंताचं काय चाललंय हे सगळ्या कामाला माहीत आहे. दोन वर्षं पाहतोय मी. त्याचं नाव निघालं की तुझा चेहरा बदलतो. गज सरळ केलेत, मी स्वतः पाहिलेत. उद्या ओतायचं आहे.”

साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. क्षणभर त्याला स्वतःचाच संशय आला. चीर खरंच होती, की मला ती हवी होती म्हणून दिसली?

“साहेब,” तो शेवटी म्हणाला, “माह्यावर भरोसा ठेवू नका. गजावर ठेवा. भगवंतले बोलवा. साठातला कोनताबी एक गज त्यालेच निवडू द्या. मी एकदा खाली घेतो, एकदा वर. टिकला तं मी आजच काम सोडून जातो.”

भगवंत आला. त्याला सांगितलं तसा तो लालबुंद झाला. “भाऊजी, एवढं? माह्या कामावर?”

“निवड तू.”

भगवंतनं मधला एक निवडला, सर्वांत सरळ दिसणारा. सहदेवनं आधी ढिगातला चार सुती नवा तुकडा घेतला, दोन इंची खुंटीवर सावकाश ओढून पुरा आकडा केला आणि साहेबांच्या हातात दिला. बाहेरच्या अंगाला एक रेघही नव्हती. मग तो वर चढला. निवडलेल्या गजाची जाळीची तार सोडली, त्यावर पाइप चढवला, भिंतीपासून चार बोटं दूर धरला आणि खाली दाबला. गज वाकला. मग त्यानं वर उचलला. अर्ध्यात आला असेल नसेल, तोच वाळलेली काडी मोडावी तसा टच्च आवाज आला आणि गज पाइपासकट त्याच्या हातात आला.

मोडलेलं तोंड कोपऱ्यात काळपट होतं, म्हणजे तिथं चीर आधीचीच होती. उरलेलं चमकत होतं, दाणेदार, साखरेसारखं.

कमलाकांत शिडी चढून आले. तोंडाजवळ वाकून बराच वेळ पाहत राहिले.

“सांग,” ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

सहदेवनं सांगितलं. “लोखंड एकदा वाकवलं साहेब, तं वाकलेली जागा कडक होते. उलटं वाकवाले गेलं की ती जागा सरळ होत नाई. बाजूचं नरम लोखंड वाकते. म्हनून गज सापावानी दिसते. ह्याइले तं खुंटीबी नव्हती, काँक्रीटच्या कडेवर वाकवले. वळन एवढुसं. त्यात सात हप्ते तसेच राह्यले. वाकलेलं लोखंड पडून राह्यलं की अजून ठिसूळ होते. अन् वरतून थंडी. आता जे टिकले दिसून राहिले, तेबी आतून फाटलेच असतीन. सज्ज्याची सारी ओढ नेमकी ह्याच जाग्यावर येते. अन् ओढ बसली की तो साप सरळ व्हाले पाहते, वरचं काँक्रीट उडवते. कडेचा मसालाबी उडाला, तेवढी पकड गेली.”

कमलाकांत भगवंतकडे वळले. “हे तुला ठाऊक नव्हतं?”

भगवंतच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं की शरमेचं सांगता येत नव्हतं. “मले कोनं सांगतलं साहेब? खाली घे म्हनलं, घेतले. वर कर म्हनलं, केले. मी तं रोज विचारो, काहून, काहून? भाऊजी म्हनत, हात चालव.”

खाली कोणीतरी पाण्याची बादली ठेवली, तिचा आवाज आला.

“खरं हाय,” सहदेव म्हणाला. “म्या सांगतलं नाई. मले माहीत होतं अन् म्या सांगतलं नाई. त्याचा हात माह्याहून चांगला हाय, म्हनून.” मग थांबून तो पुढे म्हणाला, “अन् गज मी आज नाई पाह्यले साहेब. परवाच पाह्यले. दोन दिवस चूप राह्यलो.”

“का?”

“त्याची फजिती व्हावी म्हनून.”

“वाकवायला मीच सांगितलं होतं,” कमलाकांत म्हणाले. “ते मी खुशालरावांना लिहीन. त्याचा दोष भगवंतावर येणार नाही.” मग ते सहदेवकडे न पाहता म्हणाले, “पण दोन दिवस गप्प राहणाऱ्या माणसाच्या हाती मी काम ठेवू शकत नाही. आजपासून गजांचं काम भगवंत पाहील. तू राहणार असशील तर त्याच्या हाताखाली राहा.”

ज्या गोष्टीची सहदेवला दोन वर्षं धास्ती होती, ती त्यानं स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतली.

तो राहिला. का राहिला, हे जयवंताला कधी समजलं नाही. दुरुस्ती कशी करायची हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, हे एक कारण. भगवंतनं दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यापुढे येऊन, नजर खाली घालून विचारलं, “भाऊजी, नवे गज तोंडाशी जोडता येतीन?”

“नाई. तोंडाशी जोडला तं ओढ घेनार कोन? गज काँक्रीटमंदी रुतला पाह्यजे. नुसती पकड धराची तं गजाच्या चाळीस पट लांबी पाह्यजे. चार सुतीले वीस इंच. आकडा केला तं थोडी कमी चालते, पन आपन कमी नाई कराची.”

त्यांनी भिंतीमागे खोलीच्या स्लॅबचा वरचा थर तीन फूट रुंदीनं छिन्नीनं फोडला. जुने गज आतून न हलवता, न वाकवता मोकळे केले. त्यांच्या शेजारी नवे गज ठेवले, आत पावणेतीन फूट, टोकाला मोठ्या वळणाचा आकडा, दोन्ही तारेनं बांधलेले, म्हणजे ओढ नव्या गजातून काँक्रीटमार्गे जुन्यात जाईल. बाहेर आलेली जुनी, खराब टोकं भिंतीशी करवतीनं कापून टाकली. सहदेव गुडघ्यावर बसून फोडत होता, भगवंत गज बसवत होता. अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत सहदेवनं उरलेलं सगळं सांगून टाकलं. गोड बोलून नव्हे. उष्टं पाणी फेकावं तसं. भगवंत एकेक गोष्ट पुन्हा म्हणून दाखवी. त्याला एकदा ऐकलेलं पाठ राही, हेही सहदेवला सलत असे.

सज्जा ओतला. महिन्यानं टेकू काढले. वाळूची पोती रचून दोन दिवस ठेवली, तरी तोंडाशी रेघ उमटली नाही. शाळा उघडली त्या दिवशी जयवंताचा झेंडू सज्ज्यावरून पडला. सहदेव गेला नव्हता. त्याला कोणी बोलावलंही नव्हतं.

पुढे भगवंत अकोल्याला परतला आणि मोठा मिस्त्री झाला. त्याच्या हाताखाली वीस-वीस माणसं असत. सहदेव अमरावतीतच लहानमोठी कामं करत राहिला. कमलाकांतांनी दोन वर्षांनी त्याला पुन्हा बोलावलं, पण मुख्य म्हणून नाही.

मोठी लढाई संपली त्या वर्षी, पंचेचाळीस साली, भगवंतच्या मुलीचं, शकुनचं, लग्न अकोल्यात झालं. नवरीचे आतोबा-आत्याबाई म्हणून सहदेव-जयवंताला मानाचं पान होतं. भगवंतनं वाकून पाया धरले. तरी मांडवात जो भेटे तो म्हणे, “हे भगवंत मिस्त्रीचे भाऊजी.” कोणी नाव विचारीना. भगवंतचं नवं काम पाहायला वऱ्हाडी मंडळी सकाळी गेली. धान्याच्या गोदामाची गच्ची होती. सहदेवनं चष्मा लावून जाळीपाशी बसून एकेक आकडा पाहिला. कुठंही खोट काढायला जागा नव्हती.

परतीच्या गाडीत जयवंतानं विचारलं, “कसं हाय त्याचं काम?”

“माह्याहून चांगलं.”

“मंग तोंड काहून असं?”

सहदेव खिडकीबाहेर पाहत होता. मूर्तिजापूर मागे पडलं होतं आणि दोन्ही बाजूंना कापूस वेचणाऱ्या बाया दिसत होत्या.

“अजून जळते,” तो म्हणाला. “वाटलं होतं, म्हातारपनी जाईन. नाई गेलं.”

जयवंतानं लग्नातल्या बुंदीच्या लाडवाची पुडी सोडली आणि एक त्याच्या हातावर ठेवला.

“मले माहीत हाय,” ती म्हणाली. “खा.”